पनीर फुगलेलं आलं, अ‍ॅप म्हणतं 'परत घेता येत नाही'. पैसे कसे काढायचे?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) | सोमवार, सकाळी ८.४०

मंडळी, जरा लवकर सांगा, कारण पाकिटं अजून फ्रीजमध्ये पडून आहेत आणि सासूबाई ती टाकायला टपल्या आहेत.

काल संध्याकाळी किराणा अ‍ॅपवरून सामान आलं. पनीरची २०० ग्रॅमची दोन पाकिटं, प्रत्येकी ९५ रुपये. इडलीचं तयार पीठ ९०. दही ६०. बाकी साखर, रवा वगैरे कोरडा माल २६०. एकूण ६००, त्यावर कूपनचे ६० गेले, डिलिव्हरीचे २५ लागले. यूपीआयने ५६५ भरले.

पनीरची दोन्ही पाकिटं उशीसारखी टम्म फुगलेली होती. तारीख मात्र अजून आठवडाभर पुढची. पिठाच्या पिशवीवरची तारीख आदल्या दिवशीच संपलेली. तक्रार करताना अ‍ॅप एका वेळी एकच कारण घेतं, म्हणून तिन्ही पाकिटं एकत्र निवडून 'मुदत संपलेली' टाकलं, फोटो जोडले. पाचेक मिनिटांत उत्तर आलं: पिठाचे ८१ रुपये परत, पनीर नामंजूर, 'उत्पादनाची मुदत शिल्लक आहे'. पुन्हा विचारलं तर 'हे उत्पादन परत घेता येत नाही' एवढंच.

मला परत द्यायचंच नाहीये हो! परत कोण न्यायला येणार इथे? पैसे हवेत. आणि ९० चे ८१ कसे झाले?

---

कायद्याचंबोला (रत्नागिरी) | सोमवार, सकाळी ९.१५

ताई, घाबरू नका. कायद्याने कुठलीही ऑनलाईन वस्तू ७ दिवसांत परत करायचा हक्क आहे, कारण सांगायचीसुद्धा गरज नाही. ग्राहक आयोगात टाका, पनीरबरोबर मानसिक त्रासाचे दहा हजार मागा. आपण सोडतो म्हणून यांचं फावतं.

---

शिवथरचा_वारा (महाड) | सोमवार, सकाळी ९.३२

पनीर घाटावरून आलं असेल तर फुगणारच. कुंभार्ली चढताना हवेचा दाब कमी होतो, वेफर्सची पाकिटं कशी फुगतात बघा. माल खराब असेलच असं नाही. शिजवून बघा की.

---

मालवणी_माका | सोमवार, सकाळी १०.०५

माझी पण कथा ऐका. मालवणात रवान मासे ऑनलाईन मागवलय म्हणान हसू नकात. जून म्हयनो, बंदी, होडये किनाऱ्यार. पावणे इले म्हणान पापलेटाच्या तुकड्यांचो डबो मागवलय. उघडलय तर असो वास इलो की मांजरान पण तोंड फिरवल्यान. फोटो धाडलय तर म्हणता 'फोटोत दोष दिसत नाही'. आता फोटोत वास कसो दाखवचो?

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | सोमवार, दुपारी १.२०

मी काही वर्षं मुंबईत एका किराणा अ‍ॅपच्या तक्रार विभागात होतो, त्याआधी त्यांच्याच गोदामात. आता गावी असतो. कंपनीचं नाव विचारू नका. आत काय चालतं ते माहीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचं पनीर अडकलं ते कारणाच्या चौकटीत. 'मुदत संपलेली' निवडलं की समोर बसलेला माणूस फोटोत एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे तारीख. ती पुढची दिसली की तक्रार नामंजूर. पाकीट फुगलंय हे त्याला दिसलं असेलही, पण त्याला दिवसभरात शेकडो तक्रारी उपसायच्या असतात, त्यामुळे तो चौकटीबाहेर बघत नाही. पिठाला तेच कारण बरोबर लागू पडत होतं म्हणून ते लगेच सुटलं. आता पनीरची तक्रार वेगळी टाका आणि कारण 'खराब निघालं' किंवा 'गुणवत्ता' असं जे काही असेल ते निवडा. जुन्या तिकिटावर भांडत बसू नका. नवीन घेत नसेल तरच जुनं पुन्हा उघडा.

महाडच्या मित्राला: घाटात वेफर्सचं पाकीट फुगतं ते खरं आहे, पण त्यात कंपनीने मुद्दाम वायू भरलेला असतो. आणि तेच पाकीट चिपळुणात उतरलं की पुन्हा बसतं. पनीर हवा काढून बंद केलेलं असतं, प्लास्टिक अंगाला चिकटून. त्यात फुगायला हवाच नसते. ते फुगलं म्हणजे आत जंतूंनी वायू तयार केला, आणि तोही चांगला काही तास गारवा तुटल्यावर. शिजवून बघा असं कृपया कुणाला सांगू नका.

तारीख शिल्लक असूनही माल खराब होतो तो यामुळेच. पाकिटावरची तारीख 'गार ठेवल्यास' या अटीवर असते. गोदामातून निघताना थंड पेटीत असतं, मग टेम्पोत, मग इथल्या छोट्या गोदामात. तिथे लाईट गेली आणि जनरेटर सुरू करायला कुणी नसलं की झालं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचं काय होतं ते मी सांगायला नको.

आता फोटो. एकाच फोटोत तीन गोष्टी हव्यात: फुगवटा बाजूने दिसेल असं आडवं धरलेलं पाकीट, बॅच नंबर आणि तारखेची पट्टी, आणि शेजारी त्या ऑर्डरचं बिल किंवा पिशवीवरचं लेबल. दोन्ही पाकिटं एकाच चौकटीत ठेवा, नाहीतर एकाचेच पैसे देऊन मोकळे होतात. पाकीट कापू नका. कापलं की फुगवटा गेला, आणि पुरावाही गेला. मजकूर छोटा ठेवा. मी असा लिहीन: 'पनीरची दोन पाकिटं, बॅच अमुक. सील बंद असूनही वायूने फुगलेली. मुदत शिल्लक आहे पण माल खाण्यायोग्य नाही. दोन्ही पाकिटांचे पैसे मूळ यूपीआय खात्यात परत हवेत, कूपन किंवा वॉलेट नको.'

शेवटचं वाक्य विसरू नका. चॅटमध्ये १०० चं कूपन पुढे करतात आणि खाली 'मान्य' असं बटण असतं. ते दाबलं की तिकीट बंद, मग वर जाता येत नाही.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी १.५५

बापरे, कूपन आलेलं होतंच! दाबलं नाही हे नशीब. पण हे सगळं आज केलं तर चालेल ना? माल काल आलाय. आणि ८१ चं कोडं?

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | सोमवार, दुपारी २.३०

आजच करा, संध्याकाळच्या आत. आमच्याकडे दूध, पनीर, भाजी, मासे यांना माल पोचल्यापासून २४ तास होते. कोरड्या मालाला जास्त. प्रत्येक अ‍ॅपचं वेगळं असतं. ऑर्डर उघडून त्या वस्तूवर बोट ठेवलं की खाली मुदत दिसते. काही ठिकाणी ती तासांत मोजतात.

८१ चा हिशोब सरळ आहे. तुम्हाला ६०० वर ६० सूट मिळाली, म्हणजे दहा टक्के. ती प्रत्येक वस्तूवर वाटली जाते. ९० च्या पिठाचे तुम्ही प्रत्यक्षात ८१ च भरले, तेवढेच परत. पनीरच्या १९० चे १७१ मिळायला हवेत. १७१ पेक्षा कमी आले तर भांडा, १९० साठी नको. डिलिव्हरीचे २५ मात्र पूर्ण ऑर्डर बाद झाली तरच देतात, निदान आमच्याकडे तसं होतं.

---

सुखदाकाकू_देवगड | सोमवार, दुपारी ३.१०

अहो, पण आमच्यासारख्यांनी काय करायचं ते पण सांगा. आम्ही दरवर्षी पेट्या पाठवतो, मुंबई, पुणे, नागपूर. आंबा परत कसा घेणार? परत येईपर्यंत त्याचा आमरस झालेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, काकू, साका निघाला, पैसे द्या. साका बाहेरून दिसत नाही हो, आम्हालाही नाही दिसत. कापल्यावर कळतं. एकाने तर एकच कापलेला आंबा तीन बाजूंनी काढून तीन आंब्यांचे पैसे मागितले. कोयीवरचा डाग सारखाच होता म्हणून पकडला. न परत घेता पैसे द्यायचे म्हणजे आमचं दिवाळं निघायचं.

---

तिठ्यावरचा_वाणी (कुडाळ) | सोमवार, दुपारी ३.४०

काकूंना प्रश्नच समजला नाही वाटतं, तरी बरोबर बोलल्या. एवढी उठाठेव करण्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानात जा. माझ्याकडून दही आंबट गेलं तर गिऱ्हाईक परत येऊन काउंटरवर आपटतं, मी दुसरं देतो, विषय संपला. फोटो नाही, बॅच नाही.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी ३.५०

वाणीभाऊ, आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पनीर लाकडी फळीवर असतं, बिस्किटांशेजारी. म्हणून तर अ‍ॅप.

---

कायद्याचंबोला | सोमवार, दुपारी ४.२०

माझ्या ७ दिवसांच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. ई-कॉमर्सचे नियम २०२० चे आहेत, वाचा.

---

वकीलबाई_नाहीत_पण (अलिबाग) | सोमवार, सायंकाळी ६.००

वाचलेत, म्हणून बोलते. ७ दिवस हे त्या त्या अ‍ॅपचं धोरण असतं. 'आवडलं नाही म्हणून परत' असा सरसकट हक्क त्या नियमांत नाही. आहे ते वेगळं आहे, आणि ताईंच्या जास्त कामाचं आहे. माल सदोष असेल किंवा दाखवल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. म्हणजे पानावर 'परत घेता येत नाही' लिहिलं असलं तरी खराब मालाचे पैसे द्यायचे नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरं, अ‍ॅपने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर द्यायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. हे नाव सहसा 'अटी व शर्ती'च्या अगदी तळाशी लपलेलं असतं. चॅटवाला दाद देत नसेल तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा या अधिकाऱ्याला मेल करा आणि खाली नियमांचा उल्लेख करा.

आयोगात जाता येतं हे खरं आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आता ई-जागृतीवर घरबसल्या दाखल होतं. पण १७१ रुपयांसाठी तारखा कोण घेईल? त्याआधी १९१५ ला फोन करा. मराठीत बोलता येतं, नाहीतर consumerhelpline.gov.in वर नोंदवा. ते कुणाला दंड करत नाहीत, तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात. मोठ्या कंपन्या तेवढ्यानेच हलतात. तुमच्या गावातल्या छोट्या अ‍ॅपवर त्याचा किती परिणाम होईल याबद्दल मला शंका आहे.

---

कायद्याचंबोला | सोमवार, सायंकाळी ६.२५

ठीक, ७ दिवस मागे घेतो. दहा हजार नाही घेत.

---

मालवणी_माका | सोमवार, सायंकाळी ७.१०

माज्या वासाचा काय झाला?

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | सोमवार, रात्री ८.४५

दादा, विसरलो नाही. वासाची तक्रार सगळ्यात अवघड, कारण ती फोटोत येत नाही आणि खोटी पण तीच सगळ्यात जास्त येते. म्हणून वासाशेजारच्या खुणा दाखवायच्या. अख्खा मासा असेल तर कल्ले उघडून दाखवता येतात, तुकड्यांत ते नसतं. मग डबा उघडतानाचा छोटा व्हिडिओ घ्यायचा. बर्फाची जेल पिशवी दाबून दाखवा, ती पाण्यासारखी हलत असेल तर गारवा गेला हे तिथेच सिद्ध. मग बोटाने तुकडा दाबा. ताजा मासा पुन्हा वर येतो, शिळ्याला बोटाची खळी तशीच राहते. बोटाला तार येतेय का तेही दाखवा. डब्यातलं पाणी गढूळ असेल तर पांढऱ्या वाटीत ओतून. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं, आणि आमच्याकडे असा व्हिडिओ आला की कुणी वाद घालत नसे.

पण एक अट. डिलिव्हरीची वेळ आणि व्हिडिओची वेळ यांत फार अंतर नको. दुपारी आलेला डबा तुम्ही रात्री उघडलात तर मधला दोष तुमच्याकडे ढकलतात, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यांचं चुकीचंही नसतं.

---

मालवणी_माका | सोमवार, रात्री ९.००

डबो दुपारी इलो, मी उघडलय चार वाजता. पण ता जावंदे. पुढच्या येळेक बोट घालून धाडतंय.

---

शिवथरचा_वारा | सोमवार, रात्री ९.२०

घाटाचं मान्य. पण मग इडलीचं पीठ फुगलं तरी टाकायचं का? आमच्याकडे दर वेळी फुगलेलंच येतं.

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | सोमवार, रात्री ९.५०

नाही, पिठाचं उलट आहे. ते आंबलेलं असतं, आंबताना वायू सुटतो, थोडं फुगणं त्याचा स्वभाव. पिशवीला बारीक भोक किंवा झडप असते ती त्यासाठीच. गुलाबी-केशरी छटा, बुरशीचे ठिपके किंवा दारूसारखा उग्र वास असेल तर तक्रार करा. नुसत्या फुगण्यावर पैसे मागितले तर मिळतीलही, पण तुमच्या खात्यावर एक शेरा वाढतो.

हा शेरा काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं फोटो पाठवला की झालं. न परत घेता पैसे देण्यामागे कंपनीचं साधं गणित असतं. ९५ च्या पाकिटासाठी मुलगा परत पाठवायचा तर त्याचाच खर्च पाकिटाहून जास्त, आणि परत आलेलं अन्न पुन्हा विकता येत नाही, फेकायचंच असतं. म्हणून लहान रकमेला आणि स्वच्छ खात्याला आमच्याकडे यंत्रच पैसे देऊन टाकायचं, माणूस बघायचाही नाही. पण प्रत्येक ऑर्डरनंतर तक्रार आली, एकच फोटो दोन ऑर्डरींना आला, किंवा एकाच पत्त्यावरची तीन खाती आलटून पालटून मागायला लागली, की ते खातं माणसाकडे जायचं. मग खरं खराब पनीरसुद्धा चार प्रश्नांनंतर सुटायचं. ताई, घरात अजून कुणाचं खातं आहे का त्याच पत्त्यावर?

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०.०५

दिराचं आहे, आणि तो दर आठवड्याला केळी काळी म्हणून तक्रार करतो. आता कळलं मला.

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | सोमवार, रात्री १०.१२

मग त्याला सांगा, केळी बाजारातून आण.

---

आपटा_पाली_रोज (रोहा) | मंगळवार, सकाळी ७.३०

एक सांगायचं राहून जातंय. घाईत लोक गुगलवर 'अमुक अ‍ॅप कस्टमर केअर' शोधतात आणि जो नंबर वर येईल तो लावतात. माझ्या मेहुणीने दह्याच्या ७० रुपयांसाठी असाच लावला. तिकडून गोड बोलणारा मुलगा, 'मॅडम, रिफंडसाठी एक अ‍ॅप टाका, स्क्रीन दिसायला हवी.' मग म्हणाला, यूपीआयवर विनंती आली आहे ती मंजूर करा, पिन टाका. ७० राहिले बाजूला, साडेचार हजार गेले.

पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. नंबर फक्त अ‍ॅपच्या आतून घ्या. आणि झालंच असं काही तर लगेच १९३० ला फोन. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, तोवर पैसे पुढे सरकले होते.

---

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, सकाळी ११.४०

घडामोड सांगते. काल संध्याकाळी नवीन तक्रार टाकली, कारण 'खराब निघालं', फोटोत दोन्ही पाकिटं आणि बिल. आज सकाळी चॅटवर माणूस आला. आधी ८५.५० देतो म्हणाला, एकाच पाकिटाचे. मी फोटोतली दोन्ही पाकिटं दाखवली, मग १७१ मंजूर झाले. पण ते वॉलेटमध्ये टाकू म्हणाला, 'लगेच मिळतील'. मूळ खात्यात म्हटल्यावर 'तीन ते पाच दिवस लागतील' असं आलं. तेच मान्य केलं.

आता पनीर टाकू का? सासूबाई विचारताहेत.

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | मंगळवार, दुपारी १२.१५

पैसे खात्यात दिसेपर्यंत नको. क्वचित, रक्कम मोठी असली की, नमुना न्यायला माणूस पाठवतात. कडीबंद डब्यात घालून फ्रीजच्या तळाला ठेवा, बाकीच्या जेवणापासून लांब. पैसे दिसले की पाकीट कापून मग टाका, भटक्या कुत्र्यांनी न फोडता खाल्लं तर त्यांचे हाल.

पाच दिवसांत आले नाहीत तर त्यांच्याकडे त्या परतीचा आरआरएन क्रमांक मागा. बारा आकडी असतो. तो आला म्हणजे पैसे त्यांच्याकडून निघाले, मग बँकेत तो क्रमांक दाखवून विचारायचं. क्रमांक देत नसतील तर समजा पैसे निघालेच नाहीत.

---

वकीलबाई_नाहीत_पण | मंगळवार, दुपारी १.००

ताई, पिठाबद्दल थोडं. त्याचे ८१ मिळाले म्हणून विषय संपवू नका. मुदत संपलेलं अन्न विकणं हा नुसता ग्राहकाचा वाद नाही, गुन्हा आहे. पिठाच्या पिशवीवर १४ आकडी परवाना क्रमांक असतो, पण तो बनवणाऱ्याचा. ज्या गोदामाने ते पाठवलं त्याचा क्रमांक बिलावर असतो. दोन्हीचे फोटो ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ वर कळवा. तिथून पैसे मिळत नाहीत, पण त्या गोदामात तपासणीला कुणी गेलं तर पुढची पिशवी कुणाच्या तरी पोराच्या डब्यात जायची वाचेल.

---

तिठ्यावरचा_वाणी | मंगळवार, दुपारी २.१०

आमच्याकडे अन्नवाले येतात तेव्हा फळीवरचा माल बघतात. अ‍ॅपच्या गोदामाला पाटीसुद्धा नसते, शटर अर्धं खाली. ते बघायला कोण जातं ते बघू.

---

शिवथरचा_वारा | मंगळवार, दुपारी ३.००

२०२४ च्या नोव्हेंबरात बातमी होती ना, की ऑनलाईनवाल्यांनी माल देताना निदान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असलेलाच द्यायचा? मग मला काल दूध आलं त्यावर उद्याची तारीख आहे. त्याचे पण पैसे मिळतील का?

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | मंगळवार, सायंकाळी ५.३०

बातमी बरोबर आहे, अन्न प्राधिकरणाने तसं सांगितलं होतं. पण दूध दोन दिवसांचंच असतं, त्याला ४५ दिवस कुठून आणणार? ३० टक्के धरले तर उद्यापर्यंतचं दूध बसतंही. १५ दिवसांच्या पनीरला साडेचार दिवस शिल्लक हवेत असा हिशोब निघेल. पण एवढ्यावर अ‍ॅपने पैसे दिल्याचं मी तरी पाहिलं नाही. तक्रारीत जोडून लिहा, वजन वाढतं. एकट्या त्या मुद्द्यावर उभं राहू नका.

---

वकीलबाई_नाहीत_पण | मंगळवार, सायंकाळी ५.५५

मी उलट म्हणेन. कुणी उभं राहिलंच नाही तर ते कागदावरच राहणार. वर्षभर टिकणाऱ्या मसाल्यावर आठ दिवस उरले असतील तर जरूर भांडा.

---

सुखदाकाकू_देवगड | मंगळवार, रात्री ८.२०

मी सगळं वाचलं. बॅच, बिल, सगळे खराब नग एका फोटोत, हे मला आवडलं. आता आम्ही पण गिऱ्हाईकाला तसंच सांगणार: खराब निघालेले सगळे आंबे कापून एका ताटात, शेजारी आमची पेटीवरची चिठ्ठी. १२०० ची डझन असेल आणि दोन साक्याचे निघाले तर २०० परत, परत पाठवायची भानगड नाही.

पण ते २४ तासांचं आम्हाला जमत नाही. आम्ही आंबा कडक पाठवतो, गवतात घालून. तो घरी जाऊन पिकतो चार-पाच दिवसांनी, कधी आठ. साका तेव्हा कळणार. मग मुदत पेटी पोचल्यापासून धरायची की पिकल्यापासून? पिकल्यापासून म्हटलं तर कुणी दोन आठवड्यांनी फोन करेल, उन्हात ठेवून सडवलेले आंबे दाखवेल. पोचल्यापासून म्हटलं तर गिऱ्हाईकावर अन्याय. गोदामवाले दादा, तुमच्याकडे आंब्याला काय धरायचे?

---

गोदाम_ते_गणपतीपुळे | मंगळवार, रात्री ९.०५

काकू, आमच्याकडे आंब्याला पण २४ तासच होते, आणि म्हणून मे महिन्यात सगळ्यात जास्त शिव्या आम्ही खायचो. साक्याचे पैसे नाकारायला लागायचे, हे माहीत असून की गिऱ्हाईक खरं बोलतंय. तुमचा माल तुमच्या हातचा आहे, तुम्ही दहा दिवस ठेवलेत तर परवडेल का ते तुम्हीच बघा. सडका आणि साक्याचा यात फरक कापल्यावर कळतोच की तुम्हाला.

---

सुखदाकाकू_देवगड | मंगळवार, रात्री ९.३०

कळतो. साका आतून पांढरट भेंडासारखा, साल चांगली. सडका बाहेरून काळा. पण फोटोत फोनचा फ्लॅश पडला की दोन्ही पिवळे दिसतात. दिवसाउजेडी काढा म्हणून सांगते आता. दहा दिवस की आठ, ते यजमानांशी बोलून ठरवते, ते आठच्या वर जायला तयार नाहीत.